जेवणाची सुट्टी, हातातली तिकिटे आणि एसएलएचे घड्याळ

प्रश्न: मी खानापूरहून घरूनच एका सॉफ्टवेअर कंपनीच्या हेल्पडेस्कचे काम करते. तिकिटे जिरावर असतात, चॅट वेगळ्या खिडकीत येतात. दुपारी जेवायला उठताना `Offline` केले तर घेतलेली कामे परत रांगेत जातात, तसेच ठेवले तर नवे चॅट येऊन बसते, आणि तिकीट `Waiting for customer` मध्ये टाकले तर लीड विचारतात की घड्याळ का थांबवले. चाळीस मिनिटे नीट जेवता यावे, घेतलेले काम जाऊ नये आणि एसएलएही मोडू नये, यासाठी नेमके काय करावे?

उत्तर:

तुमच्यासमोर घड्याळे तीन आहेत आणि त्यांचे मालकही तीन आहेत. पहिले तुमच्या उपलब्धतेचे, म्हणजे नवे काम तुमच्याकडे पाठवायचे की नाही हे ठरवणारे. ते तुमचे आहे. दुसरे एखाद्या तिकिटावर तुमचा किती वेळ गेला हे मोजणाऱ्या टायमरचे. ते तुमचे आणि त्या तिकिटाचे मिळून आहे. तिसरे एसएलएचे, ते ग्राहकाला दिलेल्या शब्दाचे आहे आणि तुम्ही जेवत आहात की काम करत आहात याच्याशी त्याचा काही संबंध नाही. जेवायला उठताना पहिली दोन घड्याळे थांबवण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. तिसरे थांबवायचे नसते. आपण नसताना ते किती पुढे जाईल याचा हिशेब उठण्यापूर्वी करून ठेवायचा असतो. तुमच्या तीनही अडचणी एका घड्याळाचे बटण दुसऱ्यासाठी वापरल्यामुळे आलेल्या आहेत, म्हणून एकेक घेऊन सांगतो.

आधी उपलब्धता. चॅट वाटणाऱ्या बहुतेक प्रणालींमध्ये `Offline` याचा अर्थ ‘हा माणूस आजच्यापुरता गेला’ असा धरलेला असतो, आणि गेलेल्या माणसाच्या नावावर ग्राहक ताटकळत ठेवू नये म्हणून त्याचे काम परत रांगेत सोडण्याची सोय केलेली असते. शिफ्ट संपवून जाणाऱ्यासाठी ही सोय योग्यच आहे. चाळीस मिनिटांसाठी उठणाऱ्यासाठी ती नाही. तुम्हाला हवी ती अवस्था मधली आहे: नवे काम येणे बंद, पण घेतलेल्या कामावरचे नाव कायम. तिचे नाव कुठे `Away`, कुठे `Break`, कुठे `Busy` असते. नावावर विश्वास ठेवू नका, कारण त्या नावाखाली नेमके काय घडावे हे बहुतेक ठिकाणी तुमच्या प्रणालीचा अ‍ॅडमिन ठरवतो. एका डेस्कवर `Away` मध्ये काम हातात राहते आणि दुसऱ्या डेस्कवर त्याच `Away` मध्ये दहा मिनिटांनी ते काढून घेतले जाते. अशी अवस्था तुमच्याकडे नसेलच, तर लीडकडे मागणी करताना हेच वाक्य वापरा: ‘नवे वाटप बंद, मालकी कायम, अशी जेवणाची वेगळी अवस्था हवी.’ ती मिळेपर्यंत, एका वेळी किती चॅट घेता येतील हा आकडा बदलण्याची मुभा तुम्हाला असेल, तर तो तात्पुरता शून्य करूनही तेच साधते.

ही अवस्था खरोखर काय करते हे पाहायला कागदपत्र शोधत बसण्यापेक्षा दहा मिनिटांची चाचणी बरी. कमी गर्दीच्या वेळी एक खोटे तिकीट आणि एक खोटे चॅट तुमच्या नावावर घ्या, जेवणाची अवस्था लावा, आणि एखाद्या सहकाऱ्याला त्याच्या पडद्यावर रांग उघडी ठेवायला सांगा. जेवणाची सुट्टी जेवढी असेल तेवढा वेळ थांबणे उत्तम, कारण काही प्रणाली लगेच काही करत नाहीत आणि पंधराव्या किंवा तिसाव्या मिनिटाला काम काढून घेतात. परत आल्यावर तीन गोष्टी लिहून ठेवा: नाव कुणाचे आहे, रांगेत ते काम पुन्हा दिसले का, आणि मुदतीची वेळ बदलली का. हा कागद लीडला दाखवला की पुढची चर्चा अंदाजावर होत नाही.

तुमच्या बाबतीत मला एक शंका आहे. जिरातील तिकीट त्याच्या `Assignee` रकान्यावरून कुणाचे ते ठरते, आणि तुम्ही चॅटच्या खिडकीत `Offline` झाल्याने तो रकाना आपोआप बदलत नाही. म्हणून जिरातील तिकिटेसुद्धा खरोखर परत जात असतील, तर कुणीतरी तसा स्वयंचलित नियम लिहिलेला असला पाहिजे. तिकीट उघडून खाली `History` पाहा. नाव काढले गेल्याची नोंद तिथे वेळेसकट सापडेल आणि ते कुणी काढले हेही दिसेल. तिथे माणसाऐवजी `Automation for Jira` दिसले, तर नियम शोधून त्यात जेवणाच्या अवस्थेचा अपवाद घालायला सांगणे हा खरा उपाय आहे. नोंदच नसेल, तर तिकिटे गेलेलीच नाहीत. गेली ती फक्त चॅट, आणि तुम्हाला सगळेच गेल्यासारखे वाटले.

चॅटबद्दल एक भेद लक्षात ठेवा. तुमच्याकडे पाठवलेले पण तुम्ही न स्वीकारलेले चॅट काही सेकंदांनी दुसऱ्याकडे जाणारच, आणि ते जायलाच हवे. जपायचे असते ते स्वीकारलेले काम. आणि स्वीकारलेले, चालू असलेले चॅट जेवणाच्या सुट्टीत जपता येत नाही, कारण समोरचा माणूस त्या क्षणी उत्तराची वाट पाहत बसलेला असतो आणि चॅटमधील उत्तराची मुदत मिनिटांत मोजतात. त्यामुळे जेवणाची अवस्था ताटावर बसताना लावायची नसते, तर पंधरा मिनिटे आधी लावायची असते. एक वाजता उठायचे असेल, तर पावणेएकला नवे चॅट बंद. उरलेली पंधरा मिनिटे हातातले चॅट संपवण्यासाठी. पाच मिनिटे उरली तरी संपत नसेल, तर ग्राहकाला सांगून ते सहकाऱ्याकडे सोपवा. ‘पुढील माहिती माझे सहकारी देतील, आपण आतापर्यंत सांगितलेले त्यांना दिसत आहे’ एवढे वाक्य पुरते, मात्र ते खरे असले पाहिजे.

यंत्राकडूनही काम निसटते, आणि घरून काम करणाऱ्यांचे बहुतेक वेळा असेच निसटते. लॅपटॉपचे झाकण लावले की तो झोपतो, ब्राउझरचा संपर्क तुटतो, आणि चॅटची प्रणाली काही वेळ वाट पाहून तुम्हाला `Offline` धरते. म्हणजे तुम्ही अवस्था बरोबर लावूनही परिणाम तोच होतो. उठताना झाकण लावू नका. विंडोज असेल तर `Win+L` दाबून पडदा कुलूपबंद करा, आणि चार्जरवर असताना लॅपटॉप किमान एक तास झोपणार नाही अशी सेटिंग ठेवा. आपल्या भागात दुपारी लाईट जाणे नवीन नाही. लॅपटॉपला बॅटरी असते, पण राउटरला नसते, म्हणून राउटर इन्व्हर्टरवर किंवा छोट्या यूपीएसवर घेतल्याशिवाय जेवणाची सुट्टी निर्धास्त होत नाही. तेही शक्य नसेल, तर जेवणाच्या अवस्थेत असताना संपर्क तुटल्यास काम किती मिनिटांनी काढून घेतले जाते, हे वरच्याच चाचणीत वाय-फाय बंद करून एकदा पाहून ठेवा.

टायमरबद्दल थोडक्यात. उठताना तो थांबवा आणि आल्यावर पुन्हा सुरू करा. विसरलात, तर आल्याबरोबर नोंद दुरुस्त करा आणि दुरुस्तीचे कारण लिहा. संध्याकाळी आठवून लिहिलेले आकडे कधीच जुळत नाहीत. चालू राहिलेल्या टायमरमुळे अर्ध्या तासाचे काम सत्तर मिनिटांचे दिसते, आणि पुढच्या महिन्यात कुणीतरी त्या सरासरीवरून माणसांची संख्या ठरवतो. एक अपवाद मात्र पाहून घ्या: काही रांगांमध्ये, विशेषतः तपासणीच्या किंवा नोंदी भरण्याच्या कामात, काम घेतल्यापासून ठरावीक वेळेत पूर्ण करून द्यायचे असते आणि ती मुदत थांबवताच येत नाही. तिथे टायमर थांबवून काही मिळत नाही. असे काम जेवणाच्या तोंडावर घेऊ नये, आणि घेतले असेल तर अर्धवट धरून ठेवण्यापेक्षा उठण्याआधी स्वतः रांगेत परत सोडावे.

आता एसएलए. याला जास्त जागा देतो, कारण चूक झाली तर ती इथेच ग्राहकापर्यंत पोचते.

उठण्यापूर्वी वीस मिनिटे आधी आपल्या नावावरच्या तिकिटांची मुदतीप्रमाणे यादी काढायची. जिरा सर्व्हिस मॅनेजमेंटमध्ये त्यासाठी शोधाच्या दोन ओळी जतन करून ठेवा:

```
assignee = currentUser() AND resolution = Unresolved AND "Time to resolution" < remaining("120m")
assignee = currentUser() AND "Time to resolution" = paused()
```

पहिली ओळ दोन तासांपेक्षा कमी वेळ उरलेली तिकिटे देते. पहिल्या उत्तराच्या मुदतीसाठी याच ओळीत `"Time to first response"` घालून तिसरी ओळ करा. दुसरी ओळ थांबलेल्या घड्याळांची आहे. ती कशासाठी ते पुढे सांगतो. मग प्रत्येक तिकिटासाठी एकच वजाबाकी करायची: जेवून परत आल्यावर मुदतीला किती वेळ उरेल, त्यातून कामाला लागणारा वेळ वजा. उत्तर अर्ध्या तासापेक्षा जास्त आले तर तिकीट तसेच ठेवावे. त्याहून कमी आले तर काहीतरी करूनच उठावे. अर्ध्या तासाची ही मर्यादा माझी, अनुभवाने ठरवलेली आहे. तुमच्या डेस्कवर कामाचा अंदाज जास्त चुकत असेल, तर ती पाऊण तास करा.

एक दुपार घेऊन पाहू. तुमची सुट्टी एक ते एक चाळीस आहे आणि आता 12:40 झाले आहेत. तुमच्या नावावर चार तिकिटे आहेत.

पहिल्याला अजून एकही उत्तर गेलेले नाही आणि पहिल्या उत्तराची मुदत 1:25 ला संपते, म्हणजे ऐन जेवणात. याला आत्ताच उत्तर द्यायचे. पण ‘आपली तक्रार मिळाली, लवकरच कळवतो’ अशी ओळ टाकून घड्याळ बंद करणे म्हणजे उत्तर नव्हे. पाच मिनिटे देऊन तिकीट वाचा, एक गोष्ट खरोखर तपासा, आणि मग लिहा: ‘आपल्या खात्यातील आजची आयात अपूर्ण राहिलेली दिसते. कारण शोधत आहे. पुढचे दुपारी अडीचपर्यंत कळवते.’ हे ग्राहकाला दिसणारे उत्तर आहे ना, याची खात्री करून घ्या. आतली टीप लिहिली तर पहिल्या उत्तराचे घड्याळ चालूच राहते, आणि घाईत नेमकी हीच चूक होते.

दुसऱ्याची मुदत 3:30 आहे आणि काम तासाभराचे आहे. तुम्ही 1:40 ला परत येता, म्हणजे एक तास पन्नास मिनिटे उरतात. त्यातून एक तास गेला की पन्नास मिनिटे शिल्लक. हे तुमच्याच नावावर राहू द्या आणि त्याचा विचार न करता जेवा.

तिसऱ्याची मुदत 2:20 आणि काम पाऊण तासाचे. परत आल्यावर उरतील चाळीस मिनिटे, काम पंचेचाळीस मिनिटांचे. म्हणजे पाच मिनिटे कमी पडतात, आणि तीही सगळे सुरळीत झाले तर. इथे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे आत्ता, 12:40 ला, तेच हातात घ्यायचे, 1:25 ला संपवायचे आणि मग जेवायचे. हा मार्ग मनाला पटकन पटतो, पण त्यात पहिल्या तिकिटाचे उत्तर मागे पडते, आणि तुमच्यामागून पावणेदोनला सुट्टीवर जाणाऱ्या निपाणीच्या सहकाऱ्याचे जेवणही लांबते. एकाने सुट्टी सरकवली की रांगेतल्या सगळ्यांची सरकते. म्हणून दुसरा मार्ग बरा: तिकीट त्यांना रीतसर सोपवणे. सोपवणे म्हणजे फक्त `Assignee` बदलणे नव्हे. आतली टीप अशी असावी:

‘मासिक अहवालात मार्चची बिले दोनदा दिसतात. दोन खाती तपासली, दोन्हीकडे तेच. सकाळी 11:10 ला आयातीची फाइल दोनदा चालल्याचे नोंदीत आहे. पुढचे पाऊल: दुसरी आयात मागे घेणे. ग्राहकाला दोनपर्यंत कळवण्याचे सांगितले आहे. मुदत 2:20.’

या सहा वाक्यांत काय झाले, काय तपासले, पुढे काय आणि कोणता शब्द दिला हे सगळे आहे, आणि सहकाऱ्याला सुरुवातीपासून वाचत बसावे लागत नाही. ते ‘घेतले’ असे लिहीपर्यंत तिकीट तुमचेच समजा. नाव बदलल्याने मुदत मागेपुढे होत नाही. सर्वसाधारण रचनेत जिरातील घड्याळ तिकिटाच्या स्थितीवर चालते, माणसावर नाही. ‘घेतलेले काम जाऊ नये’ असे तुम्ही म्हटले आहे, त्यामागची भावना मला समजते, कारण बऱ्याच ठिकाणी तिकिटांची संख्या मोजली जाते. पण न विचारता काढून घेतलेले काम आणि टीप लिहून सोपवलेले काम यांत फरक आहे, आणि तो `History` मध्ये स्वच्छ दिसतो.

चौथे तिकीट सर्वांत फसवे आहे. ते दोन दिवसांपासून `Waiting for customer` मध्ये आहे, आणि खरोखरच ग्राहकाकडून एक फाइल यायची आहे. घड्याळ थांबलेले आहे, म्हणून यादीत त्याच्याकडे कुणी पाहत नाही. पण ते थांबले तेव्हा मुदतीला फक्त पंचवीस मिनिटे उरली होती. तुम्ही जेवायला बसलात आणि 1:05 ला ग्राहकाने फाइल पाठवली, तर बहुतेक डेस्कवर तिकीट आपोआप परत तुमच्याकडे वळते, घड्याळ तिथूनच पुढे चालू लागते आणि 1:30 ला मुदत मोडते. परत येऊन तुम्ही पाहता तेव्हा दहा मिनिटे होऊन गेलेली असतात, आणि उठताना तर सगळे ठीक होते. दुसरी शोध-ओळ याच्यासाठी आहे. थांबलेल्या तिकिटांपैकी ज्यांना सुट्टीपेक्षा कमी वेळ उरला आहे, त्यांवर सहकाऱ्याला `Watchers` मध्ये घाला, म्हणजे ग्राहकाचे उत्तर आले की त्यांना सूचना जाईल, आणि ‘एक ते एक चाळीस या वेळात उत्तर आले तर कृपया घ्या’ अशी टीप ठेवा. असे तिकीट एखाद्याच दिवशी निघते, बहुतेक दिवशी एकही नाही. पण मोडलेल्या मुदतींची कारणे शोधताना मला ते वारंवार सापडले आहे.

लीडच्या प्रश्नाकडे येतो. त्यांचे म्हणणे बरोबर आहे. `Waiting for customer` ही स्थिती ‘चेंडू ग्राहकाकडे आहे’ असे सांगते, आणि तुम्ही भाकरी खात असताना चेंडू तुमच्याकडेच असतो. काही वर्षांपूर्वी मी ज्या डेस्कवर होतो तिथे दुपारी ही सवय सगळ्यांना लागली होती. आकडे सुंदर दिसत होते. मग एका ग्राहकाचा फोन आला: आम्ही सकाळीच सगळी माहिती पाठवली, तरी ‘आपल्या उत्तराची वाट पाहत आहोत’ असे पत्र का येते? ते पत्र यंत्राने पाठवले होते, कारण त्या स्थितीत ठरावीक वेळाने आठवण जाते असा नियम होता, आणि एकदा दुपारी थांबवलेले ते तिकीट परत वळवायला कुणीतरी विसरले होते. अजून काही दिवस गेले असते तर ‘उत्तर न आल्याने बंद’ असा शेराही त्यावर आपोआप पडला असता. त्या दुपारी आम्ही मागच्या महिन्याची तिकिटे उघडून बसलो. ओळखायची खूण सोपी होती: घड्याळ एक ते दोनच्या दरम्यान थांबलेले, आणि थांबण्याच्या लगेच आधी ग्राहकाला काही विचारलेलेच नाही. तुमचे लीड बहुधा हेच पाहत असावेत. ग्राहकाला खरा प्रश्न विचारून मग ती स्थिती लावली असेल, तर वेळ जेवणाची असली तरी कुणी काही म्हणू शकत नाही. पण त्यासाठी प्रश्न शोधून काढू नये. ‘आपण कोणता ब्राउझर वापरता’ असे उगाच विचारले की ग्राहकाचा अर्धा दिवस जातो.

मग जेवणासाठी घड्याळ थांबवण्याचा प्रामाणिक मार्गच नाही का? आहे, पण तो एका माणसाचा नाही, सगळ्या डेस्कचा आहे. एसएलए कामाच्या तासांच्या कॅलेंडरवर चालतो, आणि त्या कॅलेंडरमध्ये दिवसाचे दोन तुकडे करता येतात: सकाळी नऊ ते एक, आणि दीड ते सहा. चार तासांची मुदत असलेले तिकीट साडेअकराला आले, तर सलग कॅलेंडरमध्ये ते साडेतीनला संपते. अर्ध्या तासाची मोकळीक ठेवली तर चारला. हे योग्य केव्हा? डेस्क खरोखर बंद राहत असेल, आणि ग्राहकाशी झालेल्या करारात ते तास तसे लिहिलेले असतील, तेव्हा. दोघातिघांच्या छोट्या डेस्कला हे शोभते. पण तुमच्याकडे लोक आळीपाळीने जेवतात असे दिसते, आणि तसे असेल तर डेस्क सुरूच असतो. तिथे कॅलेंडरमध्ये मोकळीक घालणे म्हणजे चालू दुकानावर ‘बंद’ची पाटी लावणे आहे. शिवाय कॅलेंडर बदलल्यावर उघड्या तिकिटांच्या मुदती नव्याने मोजल्या जातात, म्हणून असा बदल करायचाच असेल तर तो कामाच्या वेळेबाहेर करावा, नाहीतर भर दुपारी सगळ्यांच्या पडद्यावरच्या वेळा एकदम उड्या मारतात आणि कुणाला काही कळत नाही.

आळीपाळीने जेवणाऱ्या डेस्कवर खरा आधार जोडीदाराचा असतो. कोण कुणाच्या वेळेत पाहणार हे आठवड्याच्या सुरुवातीला लिहून ठेवलेले असावे. रोज दुपारी ‘कोण आहे?’ असे विचारत फिरावे लागू नये. आपल्या सीमाभागात याला एक जास्तीची बाजू आहे. अर्धी टीम बेळगाव, खानापूर, निपाणीची आणि अर्धी कोल्हापूर किंवा पुण्याची असेल, तर सुट्ट्यांची यादी दोन्हीकडे सारखी नसते. 1 नोव्हेंबरला राज्योत्सवाची सुट्टी आपल्याकडे असते, पलीकडे नसते. त्या दिवशी पुण्यातील माणूस नेहमीच्या भरवशाने उठतो आणि त्याचा बेळगावचा जोडीदार जागेवर नसतो. अशा दिवशी जोडी बदलून लावण्याचे काम आदल्या दिवशीच करावे लागते. दोन सहकाऱ्यांची सुट्टी एकाच वेळी येऊ नये म्हणून मध्ये पाच मिनिटांचे अंतर ठेवा: पहिला 1:40 ला परत, दुसरा 1:45 ला बाहेर. त्या पाच मिनिटांत मधल्या काळात काय आले हे सांगून होते.

परत आल्यावरचा क्रमही उलटा लागतो आणि तो चुकला तर सगळी तयारी वाया जाते. बहुतेक जण खुर्चीवर बसताक्षणी `Available` करतात, लगेच दोन चॅट येतात, आणि ज्या तिकिटासाठी पन्नास मिनिटे राखून ठेवली होती ती चॅटमध्ये जातात. आधी जोडीदाराची टीप वाचा. मग तीच शोध-ओळ पुन्हा चालवा आणि थांबलेले एखादे घड्याळ मधल्या वेळात जागे झाले का ते पाहा. सोपवलेले तिकीट त्यांनी संपवले असेल तर ते त्यांच्याच नावावर राहू द्या. अर्धे राहिले असेल तर कोण संपवणार हे दोन शब्दांत ठरवा, दोघांनी एकदम हात घालू नये. त्यानंतर ज्या तिकिटावर काम सुरू करणार त्याचा टायमर चालू करा, आणि सर्वांत शेवटी `Available` करा. तुमच्या उदाहरणातल्या दुपारी पहिल्या तिकिटाच्या ग्राहकाला अडीचचा शब्द दिलेला आहे, तेव्हा दुसऱ्या तिकिटाची मुदत 3:30 असली तरी हातात आधी पहिले घ्यायचे.